गुन्हेगार जमाती कायदा: कायदा गेला, दप्तर राहिलं

प्रश्न: गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला असं वाचलंय. मग आजही आसपास घरफोडी झाली की पोलीस आधी पारध्यांच्या पालावर का जातात? त्या कायद्यात नेमकं होतं काय, आणि त्यातलं आज काही खरंच उरलंय का, की हा फक्त लोकांच्या मनातला संशय आहे?

उत्तर: संशय आहेच, पण तो हवेत तरंगत नाही. तो कागदावर उभा आहे. हा कायदा म्हणजे मुळात नोंदी ठेवायची यंत्रणा होती. रद्द झाला तो कायदा. नोंद ठेवायची रीत मात्र दुसऱ्या नावांनी पोलीस ठाण्यात राहिली. म्हणून आधी मूळ यंत्रणा कशी चालायची ते सांगतो, मग तिचे कोणते भाग आज कुठे सापडतात ते.

पहिला कायदा ऑक्टोबर १८७१ चा, त्या वर्षातला २७ वा. सुरुवातीला तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब एवढ्यापुरताच होता. त्यामागचा युक्तिवाद असा, की या देशात सुतारकी पिढीजात, विणकाम पिढीजात, तेव्हा गुन्हा करणंही कुणाचा तरी पिढीजात धंदा असणारच. जातिव्यवस्थेचं पुस्तकी चित्र खरं धरून त्यावर फौजदारी कायदा उभारला, असं थोडक्यात म्हणता येईल. त्याच्या जोडीला सरकारची एक व्यावहारिक अडचण होती. जमीन महसुलावर चालणाऱ्या राज्याला ठाव नसलेला माणूस हिशेबात बसवता येत नव्हता. बैलांच्या तांड्यावरून धान्य-मीठ नेणारे बंजारे असोत, टोपल्या विणणारे कैकाडी असोत की फासे लावून शिकार करणारे पारधी, यांच्या फिरण्याला काम होतं. रेल्वे आली, जंगलं राखीव झाली, मिठावर सरकारी बंधन आलं, तसं ते काम आटत गेलं आणि फिरणं तेवढं उरलं. कामाविना फिरणारा माणूस सरकारी नजरेत संशयितच ठरला.

आता कायद्याची चाल. प्रांतिक सरकारला एखादी जमात, टोळी किंवा वर्ग 'पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करतो' असं वाटलं की ते गव्हर्नर जनरलकडे अहवाल पाठवायचं. मंजुरी मिळाली की राजपत्रात अधिसूचना निघायची आणि ती निघाल्यावर कोर्टाचा दरवाजा बंद व्हायचा. १८७१ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं की या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयाला तपासता येणार नाही. अधिसूचना निघाली हाच ती योग्य असल्याचा निर्णायक पुरावा. एरवी फौजदारी खटल्यात आरोपीला पुरावा खोडून काढायची संधी असते. इथे गुन्हेगार ठरवण्याचं काम खटल्याच्या आधीच, सगळ्या जमातीचं एकदम उरकलेलं असे.

त्यानंतर जिल्हा दंडाधिकारी त्या जमातीच्या लोकांना हजर व्हायला सांगून नोंदवही तयार करायचा. नाव चढायला एकही शिक्षा झालेली असण्याची गरज नव्हती, त्या आईबापांच्या पोटी जन्म झालेला असणं पुरे. नाव चढलं की हजेरी सुरू. ठरावीक वेळी पोलीस ठाण्यात किंवा चावडीवर जाऊन 'मी इथे आहे' हे सांगायचं, राहण्याची जागा बदलायची तर आधी कळवायचं, हद्दीबाहेर जायचं तर पास घ्यायचा. गावचा पाटील आणि चौकीदार यांच्यावर अशा लोकांच्या ये-जाची खबर देण्याची जबाबदारी होती. मुलांना आईबापांपासून काढून सुधारगृहात ठेवायचा अधिकार १८९७ च्या दुरुस्तीने आला.

मुंबई आणि मद्रास इलाख्यात हे सगळं आलं ते १९११ च्या कायद्याने. बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार त्यात होता. १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा झाला आणि १९५२ साली रद्द झाला तो हाच. त्यातल्या दोन तरतुदी लक्षात ठेवा, कारण त्यांचे वारस पुढे भेटणार आहेत. एक, नोंदलेल्या माणसाला ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं आणि तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप, काळ्या पाण्याची. दोन, नोंदलेला माणूस 'संशयास्पद परिस्थितीत' सापडला की तोच स्वतंत्र गुन्हा. चोरी झाल्याचं सिद्ध करायची गरज नाही. तो चोरी करायला निघाला होता असं कोर्टाला वाटलं की पुरे.

यातून आकडे कसे तयार होतात ते बघा. समजा एक नोंदलेला कैकाडी टोपल्या विकायला शेजारच्या तालुक्यातल्या बाजाराला गेला. पास काढायला ठाण्यात जायचं तर एक दिवस बुडतो, म्हणून न काढताच गेला. बाजार लांबला, संध्याकाळची हजेरी चुकली. परतताना रात्री रस्त्यात हटकलं. पास नाही म्हणून एक कलम, हजेरी चुकली म्हणून दुसरं. तो तुरुंगात जाऊन आला. आता त्याच्या नावापुढे शिक्षा आहे. वर्षअखेरीस ठाण्याचा अहवाल जातो तेव्हा 'या जमातीतल्या इतक्या जणांना शिक्षा' या रकान्यात तो असतो. त्यानं कुणाचंही काही चोरलेलं नाही, पण जमात गुन्हेगार असल्याचा पुरावा मात्र एकाने वाढला. कायद्याने आधी आरोप केला आणि मग त्या आरोपाला लागणारे आकडे स्वतःच तयार केले. जुन्या पोलीस अहवालांतली टक्केवारी दाखवून 'पूर्वी हे लोक गुन्हे करायचेच की' असं कुणी म्हणालं, तर पहिला प्रश्न हाच विचारायचा: त्यातल्या किती शिक्षा चोरीच्या आणि किती हजेरीच्या?

कायद्यात वसाहतींचीही सोय होती, औद्योगिक, शेतकी आणि सुधारगृह अशा तीन प्रकारच्या. मुंबई इलाख्यात विजापूर, हुबळी, गदग, सोलापूर इथे त्या उभ्या राहिल्या. त्यांची घडी बसवली ती स्टार्ट या आयसीएस अधिकाऱ्याने. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड कुटुंबंच्या कुटुंबं ठेवली गेली आणि कापडगिरण्यांना बांधलेले मजूर मिळाले. आत शाळा होत्या, दवाखाना होता. बाहेर जायला मात्र पास लागायचा. 'वागणूक चांगली' म्हटल्यावर कुंपणाबाहेरच्या मोकळ्या वसाहतीत राहायची परवानगी मिळे. सोलापुरात त्या भागाला आजही सेटलमेंटच म्हणतात आणि तिथला पत्ता लिहिला की नोकरीच्या अर्जापासून भाड्याच्या खोलीपर्यंत कपाळावर आठी येते. एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. पुढे याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीवर समिती नेमली गेली. बाबासाहेब आंबेडकर तिचे सदस्य होते आणि १९३० साली तिचा अहवाल आला. त्यानंतर जे मागासवर्ग खातं निघालं ते या वसाहतींच्याच खात्यातून. आज समाजकल्याण म्हणतो त्याचं एक मूळ तुरुंगासारख्या वसाहतीत आहे. वसतिगृहातल्या हजेरीचा आणि चारित्र्याच्या दाखल्याचा सूर कधीकधी असा का लागतो, याचं उत्तर मला तिथे दिसतं.

स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार समितीने कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ ला तो गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण याच समितीने आणखी एक शिफारस केली होती: जमातीऐवजी व्यक्ती बघून सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा करा. त्याप्रमाणे राज्याराज्यांनी सराईत गुन्हेगार कायदे केले. आपल्याकडचा आहे १९५९ चा मुंबई सराईत गुन्हेगार कायदा. जुनी दप्तरं नष्ट करा किंवा वेगळी काढून बंद करा, असं मात्र निरसनाच्या कायद्यात कुठेही नव्हतं. ठाण्यातला हवालदार तोच, कपाट तेच, आणि नवीन नोंदवहीत कुणाची नावं घालायची हा प्रश्न पडला तेव्हा उत्तर त्याच कपाटात होतं.

आजची परिस्थिती समजायची तर पोलीस ठाण्यातले तीन वेगवेगळे कागद वेगवेगळे ओळखता आले पाहिजेत. लोक तिन्हींना मिळून 'रेकॉर्डवर आहे' म्हणतात आणि तिथेच अर्धी लढाई हरतात.

पहिला कागद सराईत गुन्हेगार म्हणून कायदेशीर नोंद. यासाठी १८ वर्षं पूर्ण झाल्यानंतर, सलग पाच वर्षांच्या काळात, किमान तीन वेगळ्या प्रसंगी कायद्याच्या यादीतल्या गुन्ह्यांत तुरुंगवासाची शिक्षा झालेली असावी लागते. राज्यागणिक तपशील थोडा बदलतो, गाभा हाच. म्हणजे अटक किती वेळा झाली, गुन्हे किती दाखल झाले, याला अर्थ नाही, शिक्षा मोजायच्या. पालावरच्या माणसाला 'सराईत' म्हटलं जातं तेव्हा ही अट पुरी झालेली असते, असं अजिबात समजू नका. पेपरात छापून येणारा 'सराईत गुन्हेगार' आणि कायद्यातला सराईत गुन्हेगार यांचा संबंध बऱ्याचदा फक्त शब्दापुरता असतो.

दुसरा कागद हिस्ट्रीशीट. हा पोलिसांचा अंतर्गत कागद. याला शिक्षा लागत नाही, संशय पुरतो. त्यात माणसाच्या सवयी, नातेवाईक, उठबस, येण्याजाण्याच्या जागा लिहिलेल्या असतात. बापाच्या हिस्ट्रीशीटमध्ये मुलाचं नाव 'नातेवाईक' म्हणून येतं आणि मुलगा वयात आला की त्याचं स्वतःचं पान उघडतं. जन्मावरून नोंद करण्याचा जुना नियम कायद्यात उरलेला नाही, पण या रकान्यातून तो जसाच्या तसा चालू राहू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये अमानतुल्ला खान प्रकरणात नेमकं यावर बोट ठेवलं. मागास समाजातल्या लोकांची नावं केवळ त्यांच्या जन्मामुळे यांत्रिकपणे चढवली जातात, याची दखल घेतली. हा कागद अंतर्गत असून जाहीर करायचा नाही, अल्पवयीन नातेवाइकांचे तपशील ठोस कारण असल्याखेरीज लिहायचे नाहीत, वरिष्ठ अधिकाऱ्याने ठरावीक काळाने तपासणी करून निर्दोष ठरलेल्यांची नावं काढायची, असं दिल्लीच्या संदर्भात सांगितलं आणि इतर राज्यांनीही त्या धर्तीवर धोरण ठरवावं असं म्हटलं.

तिसरा कागद म्हणजे ज्याला सगळे चॅप्टर केस म्हणतात. जुन्या फौजदारी संहितेतली कलमं १०९ आणि ११०. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ती १२८ आणि १२९ झाली. कार्यकारी दंडाधिकारी चांगल्या वर्तणुकीचं बंधपत्र मागतो आणि ते देता आलं नाही तर तुरुंग. यात एक उपकलम आहे जे फार कमी लोक वाचतात: माणूस सवयीचा गुन्हेगार आहे हे त्याच्या 'सर्वसाधारण लौकिका'च्या पुराव्यानेही सिद्ध करता येतं. म्हणजे गावातले चार लोक म्हणाले की हा चोर म्हणून प्रसिद्ध आहे, तर तो पुरावा. ज्या समाजाला सरकारनेच ऐंशी वर्षं राजपत्रात चोर म्हणून छापलं त्याच्या लौकिकाचा पुरावा मिळायला कितीसा वेळ लागणार? याच प्रकारचं कलम महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ मध्येही आहे. कलम १२२ प्रमाणे सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात, चोर असा लौकिक असलेला माणूस रस्त्यात वा मोकळ्या जागेत रेंगाळताना सापडला आणि त्याला समाधानकारक खुलासा देता आला नाही, तर शिक्षा. १९२४ च्या 'संशयास्पद परिस्थिती'ची ही सरळ वारस. कलम १२४ वस्तूंबद्दल तेच म्हणतं: जवळ असलेल्या मालाचा समाधानकारक हिशेब देता आला नाही तर गुन्हा. उघड्यावर झोपणाऱ्याला रात्री 'इथे का' याचा आणि पावती न ठेवणाऱ्याला मण्यांच्या, चांदीच्या दागिन्यांचा हिशेब कसा देता येणार?

एक खरं प्रकरण घेतलं म्हणजे हे सगळं एकत्र कसं काम करतं ते दिसेल. जून २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात एका शेतातल्या झोपडीवर रात्री टोळीने हल्ला केला. पाच जणांचा खून झाला, बलात्कार झाला. वाचलेल्या साक्षीदार बाईने दोन दिवसांनी पोलिसांच्या फोटोंच्या अल्बममधून चार माणसं ओळखली. पुढे पकडले गेले ते मात्र दुसरेच सहा जण, भटक्या जमातीतले गरीब मजूर. अल्बममधून ओळखलेल्या चौघांचा तपास झालाच नाही. खालच्या कोर्टात शिक्षा झाली, उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. पुनर्विचार अर्जही फेटाळला गेला. नंतर प्रकरण पुन्हा उघडलं गेलं आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. त्यांना खोटं गोवल्याचं नमूद केलं, प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई राज्याने द्यावी असा आदेश दिला आणि दोषी तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायला सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती. त्यांच्यातला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

या प्रकरणात गुन्हेगार जमाती कायद्याचं एकही कलम लागलेलं नाही, आणि म्हणूनच ते नीट वाचायला हवं. निकाल फिरला तो तपासातल्या जुन्या कागदावर, दोन दिवसांनी झालेल्या फोटो-ओळखीवर. तो कागद पहिल्या आठवड्यापासून फाइलमध्ये होता. त्याचं वजन कोर्टात मांडलं जायला आणि मानलं जायला सोळा वर्षं लागली. अशा खटल्यात बचावाचं काम भाषणं करून होत नाही. पहिल्या आठवड्यातले कागद मिळवून आणि जपून होतं.

म्हणून व्यवहाराचं सांगतो. पालावरून माणूस उचलला गेला की पहिले चोवीस तास महत्त्वाचे. चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करणं बंधनकारक आहे. नेहमीची पळवाट अशी, की माणूस सोमवारी उचलायचा आणि अटक बुधवारी दाखवायची. मधले दोन दिवस कागदावर नसतात आणि मारहाण त्याच दोन दिवसांत होते. म्हणून उचलल्याबरोबर पोलीस अधीक्षकांना आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला तक्रार गेली पाहिजे. त्यात तारीख, वेळ, गाडीचा नंबर, कोणत्या ठाण्याचे होते हे लिहायचं. फोनवर सांगून भागत नाही. वेळ उमटेल असं काहीतरी, ईमेल, मेसेज, पोचपावतीचा अर्ज असं हवं. पुढे अटकेच्या पंचनाम्यावरची वेळ आणि तुमच्या तक्रारीची वेळ यांत अंतर पडलं की तोच बचावाचा पहिला पुरावा. ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवा, असा अर्जही त्याच दिवशी द्यायचा. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालाने कॅमेरे आणि चित्रण साठवणं सक्तीचं केलं आहे, पण मागणी उशिरा गेली तर चित्रण पुसलं गेल्याचं उत्तर येतं. दंडाधिकाऱ्यासमोर नेल्यावर 'पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का' असं विचारलं जातं. तिथे माणूस 'नाही' म्हणाला की तसं लिहिलं जातं आणि पुढे मारहाणीचं काहीही टिकत नाही. ही एक ओळ घरच्या लोकांनी आधीच समजावून सांगायला हवी.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची का हे पोलिसांनी लेखी कारणांनी दाखवायचं असतं, नाहीतर फक्त हजर राहण्याची नोटीस द्यायची. हीच अडचण चुकवायला एक ठरीव आरोप लावला जातो: 'दरोड्याच्या तयारीत'. त्याला पाच माणसं लागतात आणि शिक्षा मोठी असल्याने नोटिशीचा प्रश्न मिटतो. पालावर संध्याकाळी पाच पुरुष एकत्र बसलेले सापडणं काही अवघड नाही. पंचनाम्यात मिरची पूड, दोरी, कोयता, कटावणी, बॅटरी. असा पंचनामा हाती आला की तीन गोष्टी बघायच्या. पंच कोण आहेत आणि त्याच ठाण्याच्या इतर पंचनाम्यांत हेच नाव पुन्हा पुन्हा येतं का? पोलीस पथक ठाण्यातून बाहेर पडल्याची ठाणे दैनंदिनीतली नोंद पंचनाम्याच्या वेळेशी जुळते का? आणि पाचही जण त्या वेळी दुसरीकडे असल्याचं दाखवणारं काही आहे का? ऊसतोडीच्या मुकादमाची वही, वीटभट्टीचं मस्टर, मोबाइलचं लोकेशन यांपैकी काहीही चालतं. मोबाइल कंपनीकडचे तपशील कायम राहत नाहीत, म्हणून ते जपण्याचा अर्ज जामिनाच्याही आधी कोर्टात जायला हवा.

दागिने जप्त झाले असतील तर नुसतं 'आमचे आहेत' म्हणून भागत नाही. लग्नातले फोटो, समाजातल्या जाणत्यांची प्रतिज्ञापत्रं, ज्या सोनाराकडून घेतले त्याची साक्ष हे जोडून मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करायचा. चोरीच्या फिर्यादीतलं वर्णन आणि जप्तीतलं वर्णन शब्दाशब्दाने ताडून बघा. फिर्यादीत 'सोन्याची साखळी' असते आणि जप्तीत पारध्यांच्या बायका घालतात तसला चांदीचा दागिना निघतो. हा विसंवाद पहिल्याच सुनावणीत कोर्टाला दाखवायचा.

चॅप्टर केसमध्ये लोक हमखास चुकतात ते असं: 'सही कर आणि जा' म्हटल्यावर बंधपत्रावर सही करून येतात. सुटका होते खरी, पण पुढच्या वेळी तीच सही 'पूर्वी प्रतिबंधक कारवाई झालेली आहे' म्हणून हिस्ट्रीशीटमध्ये आणि हद्दपारीच्या प्रस्तावात दिसते. त्याऐवजी आधी लेखी नोटिशीत नेमकी कोणती माहिती दिली आहे ते मागायचं. मोघम 'सराईत आहे' एवढंच असेल तर तोच आक्षेप घ्यायचा. अशी चौकशी सहा महिन्यांत संपली नाही आणि विशेष कारण लिहून मुदत वाढवलेली नसेल, तर ती आपोआप संपते. तारखा मोजून ठेवल्या तर हे कलम बऱ्याचदा कामी येतं.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न वेगळा वाटतो, पण इथे तो थेट येतो. महाराष्ट्रात विमुक्त जातींच्या यादीत बेरड, कैकाडी, कंजारभाट, बंजारा, रामोशी, वडार, छप्परबंद अशा चौदा जाती आहेत आणि त्यांना तीन टक्के आरक्षण आहे. पाल पारधी आणि राज पारधी याच यादीत. फासे पारधी मात्र अनुसूचित जमातीत. परिणाम असा, की खोटी फिर्याद किंवा खोटी माहिती दिल्याबद्दल ॲट्रॉसिटी कायद्याचं कलम फासे पारध्याला वापरता येतं, शेजारच्या पालातल्या राज पारध्याला नाही. छळ दोघांचा सारखाच, एकाच जुन्या नावाखालचा. म्हणून दाखला नेमका कोणता आहे हे तक्रार लिहिण्याआधी बघा. दाखल्यासाठी अनुसूचित जमातींना १९५० पूर्वीचा आणि विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा रहिवासाचा पुरावा लागतो. फिरत्या माणसाकडे तो नसतो. वसाहतीच्या शाळेतला दाखला किंवा तिथल्या रजिस्टरचा उतारा मिळाला, तर तो अशा वेळी चांगला पुरावा ठरतो. जिल्हा अभिलेखागारात आणि जुन्या शाळांच्या जनरल रजिस्टरमध्ये शोधायला हवा.

तुरुंगातही जुनी भाषा अगदी अलीकडेपर्यंत होती. काही राज्यांच्या नियमावलीत भटक्या किंवा गुन्हेगार जमातीतला कैदी म्हणजे सराईत कैदी, असं वर्गीकरण छापलेलं होतं. ३ ऑक्टोबर २०२४ च्या सुकन्या शांता निकालाने ते घटनाबाह्य ठरवलं. सराईत म्हणजे फक्त राज्याच्या सराईत गुन्हेगार कायद्यातल्या व्याख्येत बसणारा, एवढाच अर्थ ठेवला, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये म्हणून आधीच्या निकालांतल्या मार्गदर्शक सूचना पाळा, असं पोलिसांना बजावलं.

या निकालांचा उपयोग अर्जात करायचा तर तो असा करा. ज्याचं नाव 'रेकॉर्डवर' असल्याचं सांगितलं जातं, त्याच्यासाठी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज द्यायचा आणि त्यात तीन गोष्टी स्वतंत्र मागायच्या: १९५९ च्या कायद्याखाली नोंद आहे का, असल्यास कोणत्या तीन शिक्षांवरून, हिस्ट्रीशीट आहे का आणि ती शेवटची कधी तपासली, ज्या गुन्ह्यांत निर्दोष सुटका झाली त्या निकालांच्या नकला जोडून, त्यावरून नाव काढलं का. सगळं एकाच वाक्यात मागितलं की 'माहिती गोपनीय आहे' असं एकच उत्तर येतं. तीन वेगळे प्रश्न केले की पहिल्या प्रश्नाला गोपनीयतेचं कारण देणं अवघड जातं, कारण ती कायद्याखालची नोंद आहे. उत्तर आलं नाही किंवा मोघम आलं, तर तोच अर्ज आणि पोचपावती घेऊन उच्च न्यायालयात रिट करता येते. सुटकेच्या निकालाची प्रमाणित नक्कल निकालाच्याच दिवशी मागून ठेवावी. दहा वर्षांनी ती काढायला गेलं की फाइल सापडत नाही, आणि ठाण्यातल्या पानावर फक्त 'अटक' एवढंच उरतं.